टेबलावरून ओघळणारं कापड

लग्नाच्या हॉलमध्ये पाहुणे यायच्या तासभर आधी जाऊन बसा. मंडपवाल्याची पोरं टेबलांवर पांढरी कापडं अंथरत असतात. त्यांतल्या एकाचे हात मी बराच वेळ बघत उभा होतो. कापड झटकून टेबलावर टाकलं, चारही बाजूंना सारखं लोंबतंय ना ते नजरेनं मापलं, मग एकेका कोपऱ्यावर अंगठा दाबून धरला आणि अंगठ्याशेजारी टाचणी खोचली. मधल्या भागाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. विचारलं तर म्हणाला, “कोपरे धरले की बाकीचं आपोआप बसतं, दादा.”

ब्लेंडर या संगणकप्रणालीत हेच काम करायचं तर ते ‘आपोआप’ नेमकं कशामुळे होतं, हे माणसाला सांगता यावं लागतं. ब्लेंडर फुकट मिळतं, घरच्या संगणकावर चालतं आणि त्यात २००८ सालच्या २.४६ या आवृत्तीपासून कापडाचं अनुकरण करायची सोय आहे. फर्निचरची चित्रं करणारे, नाटकाचा सेट आधी संगणकावर उभा करून बघणारे, छोट्या जाहिराती करणारे असे कितीतरी जण ती वापरतात. आणि जवळपास प्रत्येकजण पहिल्या दिवशी एकाच जागी अडतो. आकडे भरलेले असतात, बटण दाबलेलं असतं, पण टेबलावर जे दिसतं ते कापड वाटत नाही. ते रबर वाटतं, नाहीतर ओला कागद.

एक साधं उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. चौकोनी टेबल, ८० सेंटिमीटर बाय ८० सेंटिमीटर, उंची ७५ सेंटिमीटर. त्यावर १४० बाय १४०चं सुती कापड. म्हणजे प्रत्येक बाजूला ३० सेंटिमीटर लोंबणार. हे ३० लक्षात ठेवा, पुढे लागेल.

संगणकाला कापड म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याच्यासाठी ती बिंदूंची एक जाळी असते. शेजारशेजारचे बिंदू अदृश्य स्प्रिंगांनी जोडलेले असतात आणि गुरुत्वाकर्षण प्रत्येक बिंदूला खाली ओढत असतं. ब्लेंडरमध्ये नवा सपाट चौकोन घेतला की त्याला फक्त चार बिंदू असतात, कोपऱ्यांचे. त्याला दुमडायला मध्ये जागाच नसते, म्हणून तो पत्र्यासारखा टेबलावर पडून राहतो. आपण तो १.४ मीटरचा करून `Subdivide` हा आदेश देऊ आणि `Number of Cuts` मध्ये ६९ भरू. ६९ काप म्हणजे एका बाजूला ७० घरं. १४० सेंटिमीटरला ७० घरं, म्हणजे प्रत्येक घर २ सेंटिमीटरचं. एकूण बिंदू ७१ गुणिले ७१, म्हणजे ५,०४१.

७० हा आकडा मी मुद्दाम निवडला आहे. ३० सेंटिमीटर लोंबणारा भाग म्हणजे बरोबर १५ घरं. त्यामुळे कापडाच्या कडेपासून १५ घरं आत मोजलं की जो बिंदू येतो, तो टेबलाच्या कोपऱ्यावर नेमका बसतो. टाचणी कुठे मारायची ते शोधत बसावं लागत नाही.

आता टाचणी. नवखा माणूस हमखास कापडाचे स्वतःचे चार कोपरे टाचतो, कारण ‘कोपरे धरा’ म्हटल्यावर तेच डोळ्यांसमोर येतात. मग चौघांनी चार टोकं धरून उभं राहावं तसं कापड हवेत ताणलेलं राहतं, मध्ये झोळ पडतो आणि टेबलाच्या बाजूंनी काहीच लोंबत नाही. आपल्याला टाचायचा आहे तो टेबलाच्या कोपऱ्यावर बसलेला कापडाचा भाग. एडिट मोडमध्ये तो बिंदू निवडायचा, व्हर्टेक्स ग्रुप तयार करायचा, वजन १ ठेवून `Assign` दाबायचं. मग कापडाच्या फिजिक्सच्या पानावर `Shape` या भागात `Pin Group` म्हणून तोच ग्रुप निवडायचा. वजन १ याचा अर्थ पक्कं धरलेलं.

पण प्रत्येक कोपऱ्यात एकच बिंदू टाचला की एक दोष दिसतो. लोंबणाऱ्या कापडाचा सगळा भार त्या एका बिंदूला जोडलेल्या दोनचार स्प्रिंगांवर येतो, त्या ताणल्या जातात आणि बिंदूभोवती चांदणीसारख्या रेघा उमटतात. खऱ्या कापडावर सुईएवढ्या टाचणीनं पूर्ण वजन पेललं तर असंच होईल. म्हणूनच मंडपवाल्या पोरानं आधी अंगठा दाबला होता. आपणही अंगठ्याएवढी जागा धरू. कोपऱ्यावरचा बिंदू आणि तिथून टेबलाच्या आतल्या बाजूचे, तीन बाय तीन असे नऊ बिंदू. चार सेंटिमीटरचा चौकोन. चार कोपऱ्यांचे मिळून छत्तीस बिंदू एकाच ग्रुपमध्ये.

आणि आता ती चूक, जिच्यात माझी स्वतःची एक अख्खी संध्याकाळ गेली होती. कापड आधी टेबलाच्या वर हातभर उंचीवर ठेवायचं आणि मग पडू द्यायचं, ही सवय सगळ्या शिकवण्यांमधून लागलेली असते. टाचण्या नसतील तर ते चालतं. पण टाचलेले बिंदू पडत नाहीत. ते सुरुवातीला जिथे आहेत तिथेच राहतात. मग मधलं कापड खाली येतं आणि चार कोपरे हवेत तसेच, तंबूच्या खांबांसारखे. म्हणून टाचलेलं कापड पहिल्या फ्रेमलाच त्याच्या शेवटच्या उंचीवर ठेवलेलं हवं. ती उंची ७५ सेंटिमीटर नाही, त्याहून किंचित जास्त. किती, ते धडकेच्या मापांवर ठरतं.

धडक म्हणजे टेबल आणि कापड एकमेकांना लागणं. टेबल निवडून त्याच्या फिजिक्सच्या पानावर `Collision` चालू केलं नाही, तर कापडाच्या दृष्टीनं टेबल नाहीच. ते आरपार खाली जातं. चालू केल्यावरही कापड टेबलाला खरोखर टेकत नाही. दोघांमध्ये एक अदृश्य गादी असते. कापडाच्या बाजूचं अंतर `Distance`, मुळात ०.०१५ मीटर. टेबलाच्या बाजूची जाडी `Thickness Outer`, मुळात ०.०२ मीटर. या दोन्हींची बेरीज होते, म्हणजे साधारण साडेतीन सेंटिमीटर. इमारत झाकायची असती तर हे चाललं असतं. जेवणाच्या टेबलावर साडेतीन सेंटिमीटर अधांतरी तरंगणारं कापड बघणाऱ्याला लगेच खटकतं, कारण त्याखाली सावलीची फट दिसते. आपण कापडाचं अंतर ०.००४ आणि टेबलाची जाडी ०.००२ करू. गादी झाली सुमारे ६ मिलिमीटर. म्हणून कापड ठेवायची उंची ०.७५६ मीटर.

ही गादी हवी तितकी पातळ करता येत नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. संगणक काळ सलग बघत नाही, तुकड्यांनी बघतो. सेकंदाला २४ फ्रेम आणि `Quality Steps` ५ असेल तर तो सेकंदात १२० वेळा डोळे उघडतो. एक मीटरवरून पडलेली वस्तू टेबलाशी येईपर्यंत सेकंदाला सुमारे साडेचार मीटर वेगानं चाललेली असते. म्हणजे दोन वेळा डोळे उघडण्याच्या मध्ये ती जवळपास पावणेचार सेंटिमीटर पुढे सरकते. गादी ६ मिलिमीटरची असेल तर आधीच्या क्षणी कापड टेबलाच्या वर आणि पुढच्या क्षणी खाली, धडक झालीच नाही असं संगणकाला वाटू शकतं. टेबलातून कापडाचं टोक बाहेर आलेलं दिसतं त्यामागे बहुतेक वेळा एवढंच असतं. आपण कापड मुळात उंचावरून टाकतच नाही, त्यामुळे हा धोका बराच टळला. तरी बाजूचे पदर खाली झुलतात, म्हणून `Quality Steps` १० आणि धडकेची `Quality` ४ ठेवा.

टेबलाकडेही जरा बघू. ठोकळ्यापासून केलेल्या टेबलाची कड ब्लेडसारखी धारदार असते, आणि २ सेंटिमीटरच्या घरांचं कापड अशा कडेवर नीट वळत नाही. कड त्यातून डोकावते. खऱ्या सुतारानं मारली असती तशी अर्ध्या सेंटिमीटरची गोलाई द्या. त्याआधी Ctrl+A दाबून `Scale` कायम करा. ठोकळा ओढून-ताणून टेबल केलेलं असतं, आणि हे राहून गेलं तर गोलाई एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी येते. शिवाय `Single Sided` चालू असताना टेबलाचे पृष्ठभाग बाहेर तोंड करून असावे लागतात. `Face Orientation` लावून बघा. टेबल लाल दिसलं तर ते उलटं आहे आणि कापड बाहेर ढकललं जाण्याऐवजी आत ओढलं जाईल.

आता ताठरपणा, म्हणजे त्या अदृश्य स्प्रिंगांची ताकद. इथे एक साधा रुमाल हातात घ्या, सुती. दोन समोरासमोरच्या काठांना धरून धाग्याच्या दिशेनं ओढा. तो जवळपास ताणला जात नाही. आता दोन समोरासमोरचे कोपरे धरून तिरकं ओढा. चांगला बोटभर लांबतो आणि मध्ये निमुळता होतो. शिंपी ज्याला उरेब म्हणतात ती हीच दिशा. तिरकं ओढताना धागे ताणले जात नाहीत, फक्त उभे-आडवे धागे एकमेकांवर तिरके सरकतात आणि चौकोनाचा शंकरपाळा होतो. आता रुमाल बोटावर टाका. तो कुठे आणि किती बारीक वळतो ते बघा. हा झाला तिसरा गुण, वाकण्याचा.

ब्लेंडरमधले आकडे याच तीन गोष्टींचे आहेत. धाग्याच्या दिशेनं ताणायला विरोध करतो `Tension`, मुळात १५. दाबायला विरोध करणारा `Compression` त्याचा जुळा भाऊ, तोही १५. तिरकं सरकायला विरोध करतो `Shear`, मुळात ५. आणि वाकायला विरोध करतो `Bending`, मुळात फक्त ०.५. सुती कापडाचा स्वभाव या मूळ आकड्यांत बऱ्यापैकी उतरला आहे: ताणायला कठीण, तिरकं सरकायला सोपं, वाकायला त्याहून सोपं. सोबत पाच तयार नमुने मिळतात, आणि त्यांतला `Bending`चा पल्ला बघण्यासारखा आहे. रेशमाला ०.०५, सुती कापडाला ०.५, डेनिमला १०, चामड्याला १५०. कापड कुठलं आहे हे डोळा मुख्यतः याच एका आकड्यावरून ओळखतो.

इथे बहुतेकांची जी गैरसमजूत होते ती दूर करणं मला फार गरजेचं वाटतं. हे आकडे कापडाचे नाहीत. प्रयोगशाळेत सुती कापड मोजून कुणी ०.५ काढलेले नाहीत. पुरावा त्याच पानावर आहे. `Vertex Mass` म्हणून एक रकाना आहे, त्यात ०.३ किलो लिहिलेलं असतं, आणि ते वजन अख्ख्या कापडाचं नसून प्रत्येक बिंदूचं आहे. आपले बिंदू ५,०४१. गुणाकार करा: १,५१२ किलो. टेबलावर दीड टनाचं कापड! चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या खऱ्या कापडाचं वजन याच मापात चारशे ग्रॅमसुद्धा भरत नाही. पण म्हणून खरं वजन भागून तिथे भरायला जाऊ नका. स्प्रिंगांचे आकडे त्या ०.३ च्या अंदाजानं ठरवलेले आहेत. बिंदूचं वजन हजारपट कमी केलं की त्याच स्प्रिंगा हजारपट ताठ झाल्यासारख्या वागतात आणि कापडाचा पत्रा होतो. महत्त्व आहे ते वजन आणि ताठरपणा यांच्या परस्पर प्रमाणाला.

यातून दुसरी गोष्ट निघते. चित्र आणखी नाजूक यावं म्हणून तुम्ही घरं २ सेंटिमीटरवरून १ सेंटिमीटरची केलीत. बिंदू चौपट झाले, म्हणजे कापडाचं वजनही चौपट झालं. बाजूला लोंबणाऱ्या प्रत्येक उभ्या ओळीत १५ ऐवजी ३० बिंदू आले, आणि सगळ्यात वरच्या स्प्रिंगवर दुप्पट भार. आकड्यांना तुम्ही हातही लावला नाही, तरी कापड पूर्वीपेक्षा मऊ आणि ताणाळू झालं. म्हणूनच दुसऱ्या कुणाच्या फाईलमधले आकडे जसेच्या तसे उचलले तर ते आपल्याकडे लागू पडत नाहीत. त्याच्या घरांचं माप काय होतं, हे माहीत असल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही.

मग ठरवायचं कसं? मोजून. टेबलाशेजारी एक बारीक काठी उभी करा, तिच्यावर ४५ आणि ३३ सेंटिमीटरवर खुणा करा. पहिल्या फ्रेमपासून चालवा. मध्येच काळाच्या पट्टीवर उडी मारू नका. प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमवरून काढलेली असते, मधली वगळली तर पुढचं सगळं खोटं. कापड स्थिरावलं की प्रत्येक बाजूच्या मधोमध काठ कुठे आला ते बघा. ७५.६ मधून ३० वजा केले की ४५.६. सरळ धाग्यावर लोंबलेला काठ ४५ च्या खुणेजवळच हवा.

चारही बाजूंचा काठ दोन-तीन सेंटिमीटर खाली उतरला असेल तर कापड ताणलं गेलं आहे. `Tension` १५ वरून ३० करा. पण एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला तेवढाच वर असेल तर ते ताणलेलं नाही, सरकलेलं आहे. तिथे कापडाच्या आकड्यांना हात लावायचा नाही. टेबलाच्या धडकेतलं `Friction` ५ वरून २० पर्यंत वाढवायचं आणि टाचण्या पडल्यात का ते तपासायचं. या दोन्ही चुका चित्रात सारख्याच दिसतात, आणि खुणा नसतील तर माणूस तासभर भलताच रकाना बदलत राहतो.

मग कोपऱ्याकडे या. टेबलक्लॉथचं सगळं सौंदर्य तिथे असतं. दोन बाजूंचे पदर टेबलाच्या कोपऱ्यावर भेटतात, तिथे कापड जास्तीचं होतं आणि त्याचा एक निमुळता घोळ बाहेर येतो. टेबलाच्या कोपऱ्यापासून कापडाच्या टोकापर्यंतचं तिरकं अंतर ३० नसून सुमारे ४२ सेंटिमीटर आहे, म्हणून टोक बाकीच्या काठाच्या खाली येतं, ३३ च्या खुणेच्या आसपास. ही उरेब दिशा, म्हणून इथे सत्ता `Shear`ची. काठ ४५ वर बरोबर आहे, पण टोकं मात्र २५ पर्यंत लोंबली आहेत, असं दिसलं तर `Tension` वाढवून उपयोग नाही. `Shear` ५ वरून १० करा. उलट ते फार वाढवलं तर कापड कागदासारखं वागतं, घोळ बसतच नाही, कोपरा पंख्यासारखा बाहेर उभा राहतो.

घोळ किती उघडा आणि किती मिटलेला, हे `Bending` ठरवतं. ०.५ ला तो मऊ मिटतो, धुऊन वापरातल्या सुती कापडासारखा. खळ देऊन कडक इस्त्री केलेलं कापड हवं तर २ ते ५ पर्यंत न्या. घोळ गोल आणि मोठे होतील. त्यापुढे नेलंत तर `Quality Steps`ही वाढवा. ताठ स्प्रिंगा आणि कमी पावलं यांचं जमत नाही. कापड थरथरतं आणि कधी कधी फुटून भलतीकडे उडतं. चामड्याच्या तयार नमुन्यात `Quality Steps` १५ ठेवलेले आहेत ते याचसाठी. आणि २ सेंटिमीटरच्या घरांवर १ सेंटिमीटरची चुणी कुठलाही आकडा देऊन येणार नाही. एका चुणीला किमान चार-पाच घरं लागतात.

घोळाच्या आत कापड कापडातूनच आरपार जातं, ते शेवटी बघा. काळे चट्टे किंवा फडफडणारे तुकडे दिसले तर `Self Collisions` चालू करायचं. त्याचं अंतर घराच्या मापापेक्षा स्पष्ट कमी हवं, आपल्याकडे ०.००५ पुरेसं आहे. मूळचे ०.०१५ तसेच ठेवून घरं १ सेंटिमीटरची केलीत तर कापडाचे जवळचे भागच एकमेकांना ढकलत राहतील आणि ते कधी शांत होणार नाही.

माझ्या फाईलमध्ये शेवटी उरलेले आकडे असे: `Tension` आणि `Compression` २०, `Shear` ७, `Bending` १, `Vertex Mass` जसं होतं तसं. ते २ सेंटिमीटरच्या घरांसाठी आणि ३० सेंटिमीटरच्या पदरासाठी आहेत. तुमचं टेबल वेगळं असेल, घरं वेगळी असतील, तर हे आकडे उतरवून घेऊ नका. काठीवर तुमच्या खुणा करा आणि काठाच्या उंचीपासून सुरुवात करा.